पान चार वाचा : परदेशी विद्यापीठाच्या विमा कार्यालयाला नागपूरच्या एका आईचं खुलं पत्र

प्रति,
संचालक, विद्यार्थी आरोग्य विमा कार्यालय

महोदय,

या पत्राचा इंग्रजी मजकूर तुम्हाला मेलने पाठवला आहे. हाच मजकूर मराठीत सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण आमच्या नागपुरातून दर ऑगस्टला बरीच मुलं अमेरिकेला जातात आणि इथे घेतलेला विमा चालणार नाही असं सांगणारं तुमच्यासारख्या कार्यालयाचं पत्र त्यांच्या घरीही येतं. घरचे लोक मग काहीही न विचारता पैसे भरून मोकळे होतात. मला ते जमलं नाही.

माझी मुलगी तुमच्याकडे पर्यावरण अभियांत्रिकीत एमएस करायला आली आहे. तिचं नाव इथे लिहीत नाही. तुमच्या फाइलमध्ये ते आहेच. तिच्या तब्येतीबद्दल पुढे जे लिहिलं आहे, ते तिला विचारून लिहिलं आहे. ती म्हणाली, "लिही आई, लपवण्यासारखं त्यात आहेच काय?"

तुमचा नियम असा, की प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याकडे आरोग्य विमा असलाच पाहिजे. तो नसेल तर विद्यापीठाची योजना आपोआप लागू होते आणि २,८६८ डॉलर फीच्या बिलात चढतात. आजच्या भावाने हे अडीच लाख रुपयांच्या वर जातात. ज्याच्याकडे तुमच्या अटी पुऱ्या करणारा विमा आधीपासून आहे, त्याने अर्ज करायचा आणि सूट घ्यायची. त्या सवलतीला सगळी मुलं वेव्हर म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. विमा सक्तीचा असण्याला माझी काही हरकत नाही. तुमच्याकडच्या हॉस्पिटलची बिलं पाहिली की ही सक्ती हवीच असं मी स्वतः म्हणेन. माझा आक्षेप एवढाच आहे, की तुमची अट पूर्ण करणारी पॉलिसी समोर असताना तुम्ही ती वाचली नाही.

हे मी ठामपणे म्हणू शकते, कारण मी नागपुरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या कॅशलेस डेस्कवर गेली सोळा वर्षं बसते. पेशंट दाखल झाला की त्याचं कार्ड घ्यायचं, टीपीएला, म्हणजे विमा कंपनीचे क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीला, प्री-ऑथ म्हणजे आगाऊ मंजुरीचा अर्ज पाठवायचा, क्वेरी लागली की उत्तर द्यायचं, आणि डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांचे बोल ऐकायचे. विम्याचे कागद वाचणं हे माझं रोजचं काम आहे. म्हणून मुलीची पॉलिसी घेताना मी तुमच्या वेबसाइटवरच्या सातही अटी छापून घेतल्या, डायनिंग टेबलवर पसरल्या, आणि विमा कंपनीच्या माणसाला समोर बसवून एकेका अटीला पॉलिसीतला पान क्रमांक लिहून घेतला. त्याला दोनदा चहा झाला, तिसऱ्यांदा त्याने पोहे मागितले.

सातपैकी चार अटींवर तुमचं-आमचं काही भांडण नाही. आजारामुळे विमानाने हलवण्याचा खर्च किमान ५०,००० डॉलर, आणि मृत्यू झाल्यास देह मायदेशी पाठवण्याचा खर्च किमान २५,००० डॉलर. आमच्या पॉलिसीत दोन्ही रकमा याहून जास्त आहेत. (ही दुसरी ओळ टेबलवर वाचताना मुलीचे बाबा उठून गॅलरीत गेले होते. तुमच्यासाठी ती नुसती एक चौकट असते.) मानसिक आजाराचे उपचार इतर आजारांसारखेच, भरती होऊन आणि न होताही, हे शेड्यूलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. मुदत पूर्ण शैक्षणिक वर्षाची, तीही आहे. आमची पॉलिसी दोन वर्षांची असल्यामुळे मध्ये एका दिवसाचाही खंड पडत नाही.

पाचवी अट डिडक्टिबलची. विमा कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी पेशंटने स्वतःच्या खिशातून किती भरायचे, ती ही रक्कम. तुमची मर्यादा वर्षाला ५०० डॉलरची. आम्हाला आधी दाखवलेल्या पॉलिसीत डिडक्टिबल १०० डॉलर होतं आणि विमा कंपनीचा माणूस खुशीत म्हणाला, "बघा मॅडम, पाचपट कमी." पण ते १०० डॉलर दर क्लेमला होते, वर्षाला नव्हे. वर्षभरात सहा वेगवेगळी दुखणी झाली तर ६०० डॉलर होतात आणि तुमची अट मोडते. असल्या बारीक ठिकाणीच मुलांचे अर्ज अडकतात आणि का अडकले ते त्यांना कळतही नाही. म्हणून आम्ही शून्य डिडक्टिबलचा पर्याय घेतला. हप्ता साडेसहा हजारांनी वाढला, तो भरला. हे मुद्दाम सांगते, म्हणजे आम्ही पळवाट शोधत होतो असं तुम्हाला वाटायला नको.

सहावी अट विमा रकमेची, किमान ५ लाख डॉलर. आमची नेमकी ५ लाखच आहे. इथे तुमच्या योजनेचं एक बळ मला मान्य केलंच पाहिजे. तुमच्या योजनेला वरची मर्यादा नाही. समजा २०,००० डॉलरचं बिल आलं. तुमच्या योजनेत आधी ५०० डॉलर मुलीने भरायचे, मग उरलेल्या १९,५०० वर २० टक्के, म्हणजे ३,९००. एकूण ४,४०० डॉलर तिच्या खिशातून. आमच्या पॉलिसीत, हॉस्पिटल नेटवर्कमधलं असेल तर, तिच्या खिशातून काहीच नाही. पण बिल ६ लाख डॉलरचं झालं, तर तुमच्या योजनेत तिचा वाटा वर्षाला ५,००० डॉलरवर थांबतो आणि आमच्याकडे वरचे १ लाख आमच्या डोक्यावर येतात. म्हणजे नेहमीच्या दुखण्याला आमची पॉलिसी बरी, आणि फार मोठ्या संकटात तुमची योजना बरी. हा धोका आम्ही समजून-उमजून पत्करला आहे. तुमच्या नियमात ५ लाख लिहिलं आहे, अमर्याद लिहिलेलं नाही. अमर्यादच हवं असेल तर नियम तसा लिहा, मग आम्ही हा अर्जच करणार नाही.

नियमित तपासणी आणि लसी आमच्या पॉलिसीत नाहीत, हेही सांगून टाकते. तुमच्या सात अटींमध्येही त्या नाहीत, आणि कॅम्पसवरच्या दवाखान्याची वेगळी फी आम्ही भरलेली आहे.

आता सातव्या अटीकडे येते. सगळं रामायण तिथे घडलं आहे.

अट अशी, की आधीपासून असलेल्या आजारांवरचे उपचार पॉलिसीत वगळलेले नसावेत. माझी मुलगी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक आहे. विदर्भात हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. शाळेत आरोग्य खात्याचं पथक आलं, बोटाला सुई टोचली, विद्राव्यता चाचणी पॉझिटिव्ह आली. मग इलेक्ट्रोफोरेसिस ही पक्की तपासणी झाली आणि कागदावर आलं, "एएस पॅटर्न". आमच्याकडे लग्नाच्या बोलणीतही मुलगा किंवा मुलगी एएस आहे की एसएस, हे विचारलं जातं, कारण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एसएस म्हणजे रुग्ण. त्याला असह्य वेदनांचे झटके येतात, हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू असतं, रक्त चढवावं लागतं. असे पेशंट माझ्या डेस्कसमोरून नेहमी जातात. एएस म्हणजे वाहक. आईबाबांपैकी एकाकडून आलेलं जनुक अंगात आहे, पण आजार नाही. रोजचं औषध नाही, झटके नाहीत. फार अंगमेहनत, शरीरातलं पाणी कमी होणं, खूप उंचावरचा प्रदेश, एवढ्या बाबतीत जपायचं.

हा फरक तुम्हाला मी शिकवावा असं काही नाही. तुमच्या देशात प्रत्येक राज्यात नवजात बाळाची सिकलसेल तपासणी होते. तुमची एनसीएए ही विद्यापीठीय खेळांची संघटना २०१० पासून पहिल्या श्रेणीतल्या खेळाडूंची वाहक-तपासणी करायला लावते, आणि वाहक निघालेल्या खेळाडूला घरी पाठवत नाही, काळजी घेऊन खेळवते. तुमच्याच मैदानावर ज्याला खेळता येतं, त्याला तुमचं विमा कार्यालय आजारी समजतं, हे मला कळत नाही.

पॉलिसी घेताना मुलीने हे विमा कंपनीला सांगितलं. न सांगताही चाललं असतं, असं दोन-तीन जणांनी सुचवलं होतं. पण लपवलेल्या माहितीवरून क्लेम फेटाळलेले मी इतके पाहिले आहेत, की तो विचारही केला नाही. कंपनीने तिची नोंद केली आणि वेगळी एंडॉर्समेंट जोडून दिली.

हा कागद काय असतो ते जरा सांगते, कारण तुमच्या तपासनिसाची चूक तिथेच झाली आहे. विम्याच्या पॉलिसीचे तीन भाग असतात. पहिला शेड्यूल : त्यात नाव, मुदत, रकमा आणि जोडलेल्या एंडॉर्समेंटचे क्रमांक असतात. दुसरा छापील अटींचं पुस्तक, जे हजारो ग्राहकांना एकसारखंच जातं. तिसरा एंडॉर्समेंट, म्हणजे या एका ग्राहकासाठी त्या छापील अटींमध्ये केलेला बदल. छापील अट आणि एंडॉर्समेंट यांच्यात विरोध आला, तर एंडॉर्समेंटचं म्हणणं चालतं. नाहीतर ती जोडायचीच कशाला?

मुलीच्या छापील पुस्तकात पान १९ वर आधीच्या आजारांची वगळणूक आहे. ती सगळ्यांच्याच पुस्तकात आहे. पण शेड्यूलच्या पान ४ वर एकाखाली एक दोन ओळी आहेत. पहिल्या ओळीत "जाहीर केलेली पूर्वस्थिती : सिकलसेल वाहक" असं आहे. लगेच खालच्या ओळीत "एंडॉर्समेंट क्रमांक २ नुसार समाविष्ट". आणि त्या एंडॉर्समेंटचा आशय असा, की पान १९ वर काहीही म्हटलेलं असलं, तरी जाहीर केलेल्या पूर्वस्थितीच्या उपचारांचा खर्च पहिल्या दिवसापासून पूर्ण विमा रकमेपर्यंत मिळेल.

म्हणजे वाहक असणं हा आजार नाही असं धरलं, तर वगळायला काही उरतच नाही. आजार आहे असं धरलं, तर तो समाविष्ट आहे. दोन्हीकडून अट पूर्ण होते.

आता तक्रारी.

पहिली. १९ ऑगस्टला मुलीने कागद अपलोड केले आणि अकरा मिनिटांत नकार आला : "आधीच्या आजारांचा समावेश नाही." एकूण ३१ पानं होती. मी सोळा वर्षांच्या सवयीने वाचते, मलाही अकरा मिनिटांत ती झाली नसती. पान १९ पाहिलं, पान ४ ची पहिली ओळ पाहिली, खालची पाहिली नाही, याशिवाय दुसरा अर्थ मला लागत नाही.

दुसरी. २२ ऑगस्टला आम्ही अपील केलं. तुमचाच छापील तक्ता विमा कंपनीकडून सही-शिक्क्यासह भरून घेतला, सातही अटींसमोर "होय" आणि पान क्रमांक. अपिलात आम्ही फक्त सातव्या अटीबद्दल बोललो होतो, कारण नकार तिच्यावरच होता. २ सप्टेंबरला दुसरा नकार आला आणि त्यात सातव्या अटीचा उल्लेखच नाही. आता कारण असं, की विमा कंपनी अमेरिकेतली नाही. ही अट तुमच्या सातांमध्ये कुठेही नाही. वेबसाइटवर त्या सातांशिवाय एवढंच आहे, की क्लेम हाताळणारं कार्यालय अमेरिकेत असावं आणि पैसे डॉलरमध्ये मिळावेत. दोन्ही आहे. आमच्या रात्री साडेदहाला, म्हणजे तुमच्या दुपारी बाराला, मी स्वतः त्या कार्यालयाला फोन लावला आणि तुमच्या गावातलं मोठं हॉस्पिटल त्यांच्या नेटवर्कमध्ये असल्याचं लेखी घेतलं. तेही अपिलाला जोडलेलं होतं.

या परदेशी कंपनीच्या मुद्द्यावर आणखी एक सांगते. एफ-1 व्हिसावरच्या विद्यार्थ्यासाठी तुमच्या केंद्र सरकारचा विम्याचा नियमच नाही, हा नियम विद्यापीठाचा आहे. जे-1 या देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसावर पाहुणे म्हणून येणाऱ्यांसाठी मात्र सरकारी नियम आहे. विमानाने हलवण्याच्या आणि देह पाठवण्याच्या तुमच्या दोन्ही रकमा त्याच्याशी तंतोतंत जुळतात. त्याच नियमात, पाहुण्याच्या मायदेशाच्या सरकारने पूर्ण हमी दिलेला विमाही चालतो असं लिहिलेलं आहे. आमच्या पॉलिसीला तशी सरकारी हमी आहे असा माझा दावा नाही. पण विमा अमेरिकन कंपनीचाच हवा, असं तुमचं सरकारही म्हणत नाही, एवढं त्यातून दिसतं.

तिसरी तक्रार निर्णय कोण घेतं याची. नकाराच्या मेलखाली कोणाचंही नाव नाही, अटीचा क्रमांक नाही. विद्यापीठाला विचारलं तर तपासणी बाहेरची कंपनी करते. त्या कंपनीला विचारलं तर नियम विद्यापीठाचे. आमच्याकडेही विमा कंपन्या काही संत नाहीत, रोज भांडते मी त्यांच्याशी. पण आमच्या विमा नियामकाने २०२४ मध्ये सांगून ठेवलं आहे, की क्लेम नाकारला तर पॉलिसीतल्या कोणत्या अटीमुळे नाकारला ते ग्राहकाला कळवायचं. त्यामुळे भांडायला निदान एक कलम तरी हातात असतं. तुमच्या मेलमध्ये तेवढंही नाही.

चौथी. ते २,८६८ डॉलर भरले नाहीत म्हणून मुलीच्या खात्यावर होल्ड लागला आहे. तिला एक विषय बदलून घ्यायचा होता, तो घेता आला नाही. वेव्हरची शेवटची तारीख १२ सप्टेंबर आहे, आणि फेरविचार त्याआधी होईल याची हमी कोणी देत नाही.

तुम्ही म्हणाल, व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या आय-20 या कागदावर विम्याचा खर्च लिहिलेला होता आणि तेवढे पैसे आम्ही बँकेत दाखवले होते. दाखवले होते. ते कर्जाचे आहेत, घर तारण ठेवून घेतलेले. त्यातला प्रत्येक डॉलर व्याजासकट परत जायचा आहे. आमच्या पॉलिसीला वर्षाला अठ्ठावन्न हजार रुपये पडले, शून्य डिडक्टिबल धरून. त्याच वर्षासाठी, त्याच अटींसाठी आणखी अडीच लाख का भरायचे, याचं उत्तर आय-20 वर नाही.

माझं मागणं थोडक्यात असं. मुलीचा अर्ज नाव असलेल्या एका माणसाने पुन्हा वाचावा, शेड्यूल आणि एंडॉर्समेंट यांच्यासकट. अटी पूर्ण होत असतील तर वेव्हर द्यावा आणि बिलातले २,८६८ डॉलर काढावेत. होत नसतील, तर सातपैकी कोणती अट आणि पॉलिसीतल्या कोणत्या पानामुळे, ते लिहून द्यावं. मग मी गप्प बसेन आणि पैसे भरेन. हा निर्णय होईपर्यंत खात्यावरचा होल्ड काढावा, आणि १२ तारीख उलटली तरी हा फेरविचार रद्द समजू नये. परदेशी कंपनीची पॉलिसी तुम्हाला चालतच नसेल, तर ते आठवी अट म्हणून वेबसाइटवर लिहावं, आणि मुलांनी इथे पॉलिसी घेण्याआधी, म्हणजे जूनच्या आत लिहावं. यंदा घेतलेल्या पॉलिसींना ती अट लावू नये.

सिकलसेल वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, एवढी एक ओळ तपासणाऱ्या कंपनीच्या सूचनांमध्ये घालता आली तर बघा. पुढच्या वर्षीही नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडून मुलं येतील, आणि त्यांच्यात एएस पॅटर्नची असतीलच.

सगळी ३१ पानं, विमा कंपनीच्या सही-शिक्क्याचा तक्ता आणि नेटवर्कचं पत्र मेलला पुन्हा जोडलं आहे. पान ४ वरच्या त्या दोन ओळींना पिवळी खूण केली आहे. फोन करायचा असेल तर तुमच्या सकाळी साडेनऊनंतर कधीही करा. आमच्याकडे तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि माझी ड्यूटी संपलेली असते.

आपली,
एक आई
नागपूर, ५ सप्टेंबर